फुकट तापणारे तेल

रस्त्याच्या कडेला पाइपलाइनसाठी चर खणणारा बॅकहो लोडर, म्हणजे आपण सरसकट ज्याला जेसीबी म्हणतो ते यंत्र, दिवसभर सलग खणत नसते. मधेच ट्रॉलीची वाट पाहत थांबते. मधेच मुकादम चरात उतरून खोली मोजतो. मधेच पट्ट्याने बकेटला लटकवलेला पाइप उचलून इंच-इंच सरकवत जागेवर आणायचा असतो. या सगळ्या वेळात इंजिन चालूच असते आणि इंजिनाला जोडलेला हायड्रॉलिक पंपही फिरत असतो. संध्याकाळी हायड्रॉलिक तेलाच्या टाकीवर हात ठेवून पाहिले तर चटका बसतो. ही उष्णता डिझेलमधूनच आली. पण ती ना माती उपसण्यात गेली, ना पाइप उचलण्यात.

ही उधळपट्टी किती होते, ते यंत्रात कोणता पंप आहे आणि त्याला तेलाच्या मागणीची खबर मिळते की नाही, यावर अवलंबून असते. खोदकाम, शेती आणि माल उचलण्याच्या फिरत्या यंत्रांत याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक जुनी आणि साधी, ठरावीक तेल देणाऱ्या पंपाची. दुसरी लोड सेन्सिंगची, म्हणजे भार ओळखून तेल देणाऱ्या पंपाची. दुसरी पद्धत तेल वाचवते हे खरे, पण ती नेमके कुठे वाचवते आणि कुठे उलट जास्त खाते, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

हिशेब अवघड नाही. हायड्रॉलिक्समध्ये ताकदीचे दोनच घटक असतात: तेलाचा दाब आणि तेलाचा प्रवाह. दाब बारमध्ये मोजतात आणि प्रवाह मिनिटाला किती लिटर यात. दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागले की किलोवॉट मिळतात. सिलिंडरला जेवढा दाब आणि जेवढा प्रवाह लागला, तेवढी ताकद कामी आली. पंपाने त्याहून जास्त दिलेले सगळे उष्णता होऊन तेलात उतरते. तिसरी वाट नाही.

गिअर पंपाला कमी देता येत नाही

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत आणि पुष्कळशा बॅकहो लोडरमध्ये गिअर पंप असतो. घट्ट कवचात एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके फिरतात आणि दातांमधल्या खाचांत मावेल तेवढे तेल पुढे ढकलतात. एका फेऱ्यात किती तेल जाणार हे खाचांच्या मापानेच ठरते. इंजिन जेवढे फिरेल तेवढे तेल. त्यात कमी-जास्त करायची सोय नाही. हिशेबासाठी आपण एक यंत्र धरू, ज्याचा पंप कामाच्या वेगात मिनिटाला १२० लिटर देतो आणि ज्याचा रिलीफ व्हॉल्व्ह २१० बारला उघडतो.

ऑपरेटरने एकही लिव्हर हलवली नसेल तर हे १२० लिटर कुठे जाणार? अशा यंत्राच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये मधोमध एक मोकळी वाट ठेवलेली असते. सगळे स्पूल मधल्या जागी असताना तेल त्या वाटेने सरळ टाकीत परत जाते. वाट मोकळी असली तरी व्हॉल्व्हची वळणे, होज आणि फिल्टर मिळून पंधराएक बारचा अडथळा होतो. १२० गुणिले १५ भागिले ६००, म्हणजे ३ किलोवॉट. यंत्र नुसते उभे आहे आणि चार अश्वशक्ती तेल घुसळण्यात जाते आहे.

खरी गळती मात्र सावकाश कामात होते. पाइप उचलताना बूमच्या सिलिंडरला १०० बार दाब लागतो आणि हालचाल हळू हवी म्हणून तेल फक्त ३० लिटर लागते, असे समजू. ऑपरेटर लिव्हर थोडीशी ओढतो. स्पूल थोडा सरकतो, सिलिंडरची वाट थोडी उघडते आणि टाकीकडची मोकळी वाट तेवढी आवळली जाते. ती इतकी आवळली जाते की पंपापाशी १०० बार दाब तयार होतो, कारण त्याशिवाय भार उचललाच जाणार नाही. आता ३० लिटर सिलिंडरकडे जातात आणि उरलेले ९० लिटर टाकीकडे. पण हे ९० लिटरही १०० बारपर्यंत दाबूनच परत पाठवलेले असतात. पंप २० किलोवॉट खातो. पाइप उचलायला त्यातले ५ लागतात. बाकीचे १५ किलोवॉट त्या आवळलेल्या वाटेत तापून जातात.

ठिबकवाल्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. मोटार मोठी आणि ठिबकला पाणी थोडे लागते, म्हणून जादा पाणी बायपासने परत विहिरीत सोडतात. वीज मात्र सगळ्याच पाण्याची भरावी लागते.

१५ किलोवॉट म्हणजे किती, याची कल्पना तापमानावरून येते. यंत्रात १०० लिटर तेल असेल आणि कूलर नसेलच असे धरले, तर या गतीने तेल मिनिटाला सुमारे ५ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात कूलर असतो, टाकीचा पत्राही थोडी उष्णता बाहेर टाकतो, म्हणून तेवढे तापत नाही. पण कूलरचा पंखा फिरवायलाही डिझेलच लागते.

सर्वांत वाईट अवस्था रिलीफवर येते. बकेटचे दात काळ्या पाषाणाला अडले आणि ऑपरेटरने लिव्हर तशीच धरून ठेवली, की सिलिंडर हलत नाही आणि तेलाला वाट उरत नाही. दाब २१० बारपर्यंत चढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पूर्ण १२० लिटर तेल त्याच्या अरुंद फटीतून टाकीत धावते. ही ४२ किलोवॉटची भट्टी झाली. काम शून्य. यावेळी व्हॉल्व्हमधून जाणारे तेल एकाच फेऱ्यात सुमारे १२ अंशांनी तापते. इंजिनाचा आवाज जड होतो आणि व्हॉल्व्हमधून शीळ घातल्यासारखा आवाज येतो. मुरलेला ऑपरेटर तो आवाज ऐकताच लिव्हर सोडतो.

पंपापर्यंत पोहोचणारी खबर

लोड सेन्सिंग यंत्रात पंप पिस्टनचा असतो. एका गोल फिरत्या ठोकळ्यात सात-नऊ पिस्टन बसवलेले असतात आणि त्यांची टोके एका तिरप्या तबकडीवर टेकून घसरत जातात. तबकडी जितकी तिरपी, तितका पिस्टनचा पल्ला लांब आणि तितके तेल जास्त. तबकडी जवळजवळ सरळ केली की पंप पूर्ण वेगाने फिरत असूनही तेल जेमतेम गळती भरून काढण्यापुरते येते. गिअर पंपाला जे जमत नाही ते हेच.

पण तबकडी किती तिरपी करायची हे पंपाला सांगणार कोण? कंट्रोल व्हॉल्व्हमधून एक बारीक नळी पंपाच्या पाठीवर आणलेली असते. सिलिंडरला या क्षणी किती दाब लागतो आहे, त्याची खबर ती आणते. दोन-तीन सिलिंडर एकाच वेळी चालू असतील तर शटल व्हॉल्व्ह त्यांतला सर्वांत मोठा दाब निवडून पुढे पाठवतात. पंपाच्या पाठीवरच्या छोट्या स्पूलच्या एका बाजूला पंपाचा स्वतःचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला भाराचा दाब अधिक एक स्प्रिंग. स्प्रिंग साधारण २० बारची असते. दोन्ही बाजू तोलल्या जाईपर्यंत तो स्पूल तबकडी हलवत राहतो. परिणामी पंपाचा दाब भारापेक्षा नेहमी २० बारने जास्त राहतो. ना त्याहून कमी, ना त्याहून जास्त. या वीस बारच्या फरकाला मार्जिन म्हणतात.

मार्जिनची किमया अशी, की लिव्हरने उघडलेल्या फटीच्या दोन्ही अंगांना सतत २० बारचाच फरक राहतो. त्यामुळे फटीतून किती तेल जाईल ते फक्त फट किती उघडली यावर ठरते, भार किती आहे यावर नाही. पाइप हलका असो वा जड, लिव्हर तेवढीच ओढली तर बूम त्याच वेगाने उठतो. ऑपरेटरला आधी जाणवतो तो हा फायदा; डिझेलचा मागाहून कळतो.

आता तोच पाइप या यंत्राने उचलू. भार १०० बार, प्रवाह ३० लिटर. पंप देतो १२० बारने ३० लिटर, म्हणजे ६ किलोवॉट. कामाला लागतात ५. वाया जातो १ किलोवॉट, आधीच्या १५ च्या जागी. लिव्हर सोडल्यावर पंप वीस-पंचवीस बार दाब राखून दोन-चार लिटर गळती तेवढी भरून काढतो. ते पाव किलोवॉटही नाही. बकेट दगडाला अडली तर २१० बारला दुसरा छोटा स्पूल तबकडी सरळ करतो. दाब पूर्ण राहतो पण प्रवाह जवळपास थांबतो, त्यामुळे ४२ किलोवॉटची भट्टी पेटतच नाही. दोनएक किलोवॉटवर भागते.

जिथे पारडे उलटते

एवढे वाचून गिअर पंपाचे यंत्र भंगारात काढावे असे वाटेल. पण चौथी अवस्था अजून राहिली आहे, आणि खणणाऱ्या यंत्राचा बराच दिवस तिच्यातच जातो: मऊ जमिनीत पूर्ण लिव्हर ओढून भराभर खणणे.

लिव्हर पूर्ण ओढली की गिअर पंपाच्या यंत्रात टाकीकडची वाट पूर्ण बंद होते आणि सगळे १२० लिटर सिलिंडरकडे जातात. जादा तेल उरतच नाही. व्हॉल्व्हमधून जाताना दहाएक बार दाब खर्च होतो, म्हणजे २ किलोवॉट. लोड सेन्सिंगमध्ये मात्र मार्जिनचे २० बार याही वेळी मोजावे लागतात. १२० लिटर गुणिले २० बार भागिले ६००, म्हणजे ४ किलोवॉट. दाबून काम घ्यायचे तेव्हा महागडी व्यवस्था साध्या व्यवस्थेच्या दुप्पट वाया घालवते. ही तिच्यातली खोट नाही. पंपाला खबर देत राहण्याचे ते भाडे आहे आणि ते प्रत्येक लिटरवर भरावे लागते.

आता पूर्ण दिवस मांडू. आठ तासांत चार तास पूर्ण लिव्हरने खणणे, दोन तास इंजिन चालू ठेवून थांबणे, पावणेदोन तास सावकाश काम आणि पंधरा मिनिटे रिलीफवर अडकणे. गिअर पंपाच्या यंत्रात खणण्यात ८, थांबण्यात ६, सावकाश कामात २६ आणि रिलीफवर साडेदहा, असे मिळून ५० युनिटांच्या आसपास उष्णतेत जातात. लोड सेन्सिंगमध्ये खणण्यात १६ आणि बाकी सगळे मिळून अडीच, म्हणजे साडेअठरा. फरक सुमारे ३२ युनिटांचा. डिझेल इंजिनाला एका युनिटमागे साधारण पाव लिटरच्या किंचित वर इंधन लागते, तेव्हा दिवसाला साडेआठ लिटरच्या घरात बचत दिसते.

हा हिशेब कागदावरचा आहे हे विसरू नये. शहाणा ऑपरेटर पाइप बसवताना अॅक्सिलरेटर उतरवतो. इंजिन निम्म्या वेगावर आले की गिअर पंपही ६० लिटरच देतो आणि सावकाश कामातला तोटा १५ वरून ५ किलोवॉटवर येतो. थांबताना इंजिन मंद ठेवले तर तिथलाही खर्च उतरतो. शिवाय तबकडी सरळसोट असताना पिस्टन पंपातले घर्षण आणि गळती संपत नाही. थोड्या तेलाला त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणून प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी निघतो. पण एक गोष्ट पक्की: बचतीचा बहुतेक भाग त्या पावणेदोन तासांच्या सावकाश कामातून येतो. ज्या यंत्राचा दिवस मुरूम उपसण्यातच जातो, त्याला लोड सेन्सिंगने फारसे काही मिळत नाही.

आणखी एक तोटा असा आहे की तो दोन्ही पद्धतींना चुकत नाही. बूम उचलत असतानाच ऑपरेटर बकेटही फिरवतो. बूमला १८० बार हवेत, बकेटला फक्त ६०, आणि दोन्हींना साठ-साठ लिटर. लोड सेन्सिंगचा पंप मोठा दाब पाहून सगळे १२० लिटर २०० बारला देतो, म्हणजे ४० किलोवॉट. बूममध्ये १८ कामी येतात, बकेटमध्ये ६. उरलेले १६ वाया, आणि त्यांतले १४ एकट्या बकेटच्या वाटेत, कारण तिच्यासाठीचे तेल २०० वरून ६० बारवर आवळून आणावे लागते. एकच पंप दोन वेगळ्या भारांना तेल देतो तोवर याला इलाज नाही. मोठ्या एक्स्कॅव्हेटरांत दोन मुख्य पंप ठेवून भार वाटून देतात, त्यामागे हे मोठे कारण आहे.

बिघाड कसा ओळखावा

गिअर पंपाच्या यंत्रात दोष शोधणे सोपे असते. काहीही न करता तेल तापत असेल तर रिलीफ व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या होजवर तापमानाची बंदूक धरावी. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल आणि गळत असेल तर ती होज बाकीच्या होजांपेक्षा ठळकपणे गरम लागते. तालुक्याच्या गावातही या पंपाचे सील बदलून मिळतात. पंप स्वस्त असतो आणि थोड्याफार धुळीला तो दाद देत नाही. या पद्धतीची आपल्याकडची पकड सैल होत नाही, त्याचे कारण यातच आहे.

लोड सेन्सिंगमध्ये खबर आणणारी नळी हीच नाजूक जागा. पंपाच्या तोंडावर गेज लावून सगळ्या लिव्हर सोडल्या तर तो वीस-तीस बार दाखवायला हवा. शंभर-दीडशे दाखवत असेल तर नळीत जुना दाब अडकला आहे. शटल व्हॉल्व्ह चिकटला असेल किंवा दाब सोडून देणारे बारीक भोक कचऱ्याने बुजले असेल. पंपाला वाटते की भार अजून आहेच, आणि यंत्र उभे असतानाही तो दाब धरून बसतो. उलट लिव्हर ओढूनही गेज पंचविसावरच राहत असेल, तर खबर पोहोचतच नाही. नळी तुंबली आहे किंवा फुटली आहे. अशा वेळी पंप धडधाकट असूनही यंत्र जागचे हलत नाही, आणि पुष्कळदा निष्पाप पंपच खोलला जातो.

सर्वांत नेहमीचा प्रकार मात्र कोणाला बिघाड वाटतच नाही. यंत्र मंद चालते अशी तक्रार येते आणि पंपाच्या पाठीवरचा मार्जिनचा स्क्रू कोणीतरी पिळतो. मार्जिन २० वरून ३५ बार झाले की तेवढ्याच लिव्हरला एक तृतीयांश जास्त तेल जाते, कारण प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ऑपरेटर खूश होतो. पण पंपाची कमाल तीच १२० लिटरची आहे. पूर्ण लिव्हरला यंत्र काही वेगवान होत नाही. उलट पूर्ण प्रवाहात वायाच्या ४ किलोवॉटचे ७ होतात, आणि इंच-इंच हलवण्याची जी नजाकत विकत घेतली होती ती जाते. यंत्र खरोखर मंद झाले असेल तर आधी गेज लावून मार्जिन मोजावे, फिल्टर पाहावा, पंपाच्या गळतीच्या नळीतून मिनिटाला किती तेल येते ते भांड्यात धरून पाहावे. गळती वाढली असेल तर पंप झिजला आहे, आणि स्क्रूने झीज भरून येत नाही.

विकत घेतानाही एक जागा फसवी आहे. कंट्रोल व्हॉल्व्ह लोड सेन्सिंगचा पण पंप गिअरचाच, अशीही यंत्रे मिळतात. त्यात जादा तेल भाराहून दहा-पंधरा बार जास्त दाबाला टाकीत सोडले जाते. वेगावरचा ताबा सुधारतो, पण पाइप उचलताना ते ९० लिटर पूर्वीसारखेच दाबून परत जातात. माहितीपत्रकावर लोड सेन्सिंग लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. डिझेल मात्र वाचत नाही. म्हणून विक्रेत्याला व्हॉल्व्हबद्दल नव्हे, पंपाबद्दल विचारावे: एका फेऱ्यातले तेल कमी-जास्त होते की नाही?

त्यापुढचा प्रश्न स्वतःच्या कामाला विचारायचा. पिस्टन पंप गिअर पंपाच्या कितीतरी पट महाग असतो, त्याला तेल जास्त स्वच्छ लागते आणि दुरुस्तीला जाणकार माणूस लागतो. हा खर्च फिटतो तो सावकाश कामाच्या तासांतून. आठवडाभर यंत्राजवळ घड्याळ आणि वही ठेवून, लिव्हर किती वेळ पूर्ण ओढलेली असते, किती वेळ अर्धवट आणि किती वेळ सुटलेली, याची नोंद केली तर उत्तर वहीतच मिळते. नाल्या, केबल आणि पाइपची कामे घेणाऱ्या कंत्राटदाराचे आणि खडी-मुरूम उपसणाऱ्या कंत्राटदाराचे उत्तर एक येणार नाही, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील.